उरलेला माल कोणाचा? यात्रेच्या दुकानासाठी परतीचा आणि वाटणीचा करार

(वणी येथे बचत गटांच्या प्रतिनिधींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आपण माल केला, दुकानदाराकडे ठेवला, यात्रा संपली आणि काही पाकिटं उरली. ती उरलेली पाकिटं कोणाची? त्यांचा तोटा कोणी सोसायचा?

हा प्रश्न आपण बहुतेक वेळा यात्रा संपल्यावर काढतो. तेव्हा मग तोंडं वाकडी होतात. दुकानदार म्हणतो, “घेऊन जा ताई तुमचा माल.” आपण म्हणतो, “भाऊ, तुम्ही विकत घेतला होता ना?” दोघांचंही आपापल्या जागी खरं असतं, कारण आधी काही ठरलेलंच नसतं. म्हणून हे माल देण्याआधी कसं ठरवायचं, ते आज हिशोब मांडून बघू. वही-पेन घेऊन बसा. बेरीज-वजाबाकीच आहे, पण ती स्वतः केल्याशिवाय पटत नाही.

आपल्याकडे वर्षातून दोन मोठ्या यात्रा भरतात. चैत्रातली एक आणि आश्विनात नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत दुसरी. गडावर जाणारा भाविक वणीतून, नांदुरीतून जातो. खानदेशातून तर लोक पायी येतात. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि यात्रा उलगडली की तोच रस्ता ओस पडतो. म्हणजे आपल्या मालाला गिऱ्हाईक थोडेच दिवस असतं, आणि ते किती येईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. पाऊस लांबला तर गर्दी कमी. कांद्याला, टोमॅटोला भाव नसला तर गर्दी असूनही लोक हात आखडता घेतात. माल मात्र आधीच करून द्यावा लागतो.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून धरले आहेत. तुम्ही घरी गेल्यावर तुमच्या मालाचे घाला.

समजा एक गट नागलीच्या लाडवांचं पाकीट करतो. नागली, गूळ, तूप, पाकीट, लेबल, गॅस आणि बायांची मजुरी धरून एका पाकिटाला ४० रुपये खर्च येतो. दुकानदाराला ते आपण ६० रुपयांना देतो. दुकानदार गिऱ्हाइकाला ८० रुपयांना विकतो. म्हणजे विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे आपल्याला २० आणि त्याला २० सुटतात. बरोबरीचा व्यवहार दिसतो. दिसतो म्हणते मी, कारण तोट्याचं अजून बोललोच नाही.

लाडू महिनाभराचा. यात्रेनंतर दुकानात उरला तर दुकानदाराच्या तो काही कामाचा नाही. आपण परत आणला तर तारीख संपायच्या आत गावात पडत्या भावाने देऊ शकतो. जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता पाकिटामागे १० रुपये हातात येतात असं धरा.

विक्री किती होईल? मागच्या वर्षांचा अनुभव बघून समजा तीन शक्यता आहेत. यात्रा मंद गेली तर १०० पाकिटं, मध्यम गेली तर २०० आणि जोरात गेली तर ३००. तिन्ही सारख्याच शक्य. कोणती होईल ते देवीलाच माहीत.

आता दुकानदाराच्या गादीवर बसून विचार करा. आपण म्हणतो, “भाऊ, २०० पाकिटं घ्या.” तो म्हणतो, “नको ताई, १०० द्या.” आपल्याला वाटतं, हा चिकट आहे, बायांच्या मालावर विश्वास नाही. पण त्याचा हिशोब मांडून बघा.

त्याने १०० घेतली तर यात्रा कशीही जावो, सगळी खपतात. त्याला दरवर्षी पक्के २,००० रुपये मिळतात.

त्याने २०० घेतली तर आधी १२,००० रुपये आपल्याला मोजावे लागतात. यात्रा मध्यम किंवा जोरात गेली तर २०० ची २०० खपतात आणि त्याला ४,००० सुटतात. पण यात्रा मंद गेली तर १०० च खपतात. गल्ल्यात ८,००० येतात, दिलेले १२,०००. म्हणजे ४,००० चा खड्डा. आता तीन वर्षांची बेरीज करा. एक मंद, एक मध्यम, एक जोरात. उणे ४,०००, अधिक ४,०००, अधिक ४,०००. तीन वर्षांत मिळून फक्त ४,०००, म्हणजे वर्षाला सरासरी १,३३३ रुपये. १०० घेऊन त्याला २,००० मिळत होते. मग तो २०० कशाला घेईल?

बघा, तो चिकट नाही. एक पाकीट खपलं तर त्याला २० मिळतात आणि एक उरलं तर ६० जातात. वीस मिळवायला साठ पणाला लावायचे, तर कोणीही हात राखूनच घेईल.

यात नुकसान दोघांचंही होतं. त्याने १०० घेतली म्हणून आपल्यालाही २,००० च मिळाले. दोघांचे मिळून ४,०००. मध्यम आणि जोरदार वर्षी गिऱ्हाईक दुकानात येऊन “नागलीचे लाडू आहेत का?” विचारून रिकाम्या हाती गेलं, ते वेगळंच.

वर्तमानपत्रं विकणाऱ्याचीही हीच अडचण असते. सकाळचा पेपर संध्याकाळी रद्दी. त्याने जास्त घेतले तर उरतात, कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं. जगभर या हिशोबाला पेपरविक्रेत्याचंच नाव आहे, कॉलेजात त्याच नावाने शिकवतात. पेपरवाल्यांनी, पुस्तकवाल्यांनी यावर तोड फार पूर्वी काढली. न खपलेला माल काही ठरलेल्या अटीवर परत घ्यायचा. अमेरिकेत १९३० च्या मंदीत दुकानदार नवी पुस्तकं घेईनात, तेव्हा प्रकाशकांनी न खपलेली पुस्तकं परत घेण्याची पद्धत सुरू केली आणि ती तिकडे आजही चालते.

आपणही तेच करू. पण किती रुपयांना परत घ्यायचं, सगळी मेख तिथे आहे.

पहिल्यांदा सगळ्यात सोपा वाटणारा रस्ता बघू. दुकानदार म्हणतो, “ताई, माल ठेवून जा. खपेल त्याचे पैसे देतो, उरेल तो घेऊन जा.” आपल्यातल्या पुष्कळ गटांचं असंच चालतं, आणि आपल्याला वाटतं, चला, निदान दुकानात जागा तरी मिळाली. याचा अर्थ काय होतो? आपण ६० ला दिलेलं पाकीट ६० लाच परत घेतो. दुकानदाराचा तोटा शून्य. मग तो १०० कशाला मागेल? तो ३०० मागेल. फळी भरलेली दिसली की गिऱ्हाईक येतं, आणि उरलं तर त्याचं काय जातं?

आता आपला हिशोब. ३०० पाकिटं करायला १२,००० रुपये खर्च. यात्रा मंद गेली तर १०० खपली, ६,००० आले. २०० परत आली, गावात पडत्या भावाने २,००० आले. एकूण ८,०००, म्हणजे ४,००० चा तोटा. यात्रा मध्यम गेली तर २०० चे १२,००० आणि परतीच्या १०० चे १,०००. खर्च वजा जाता १,००० उरले. जोरात गेली तर ६,००० उरले. तीन वर्षांची बेरीज ३,०००, म्हणजे वर्षाला सरासरी १,०००. राबलो तिप्पट आणि मिळाले निम्मे. दुकानदाराला मात्र सरासरी ४,०००. पहिल्या व्यवहारात सगळी जोखीम त्याच्या डोक्यावर होती, या व्यवहारात सगळी आपल्या डोक्यावर आली. डोकं बदललं, ओझं तेवढंच राहिलं.

म्हणून ओझं वाटून घ्यायचं. समजा आपण म्हणालो, “भाऊ, २०० पाकिटं ६० नेच घ्या. पण यात्रेनंतर जी उरतील ती आम्ही ४५ रुपयांना परत घेऊ.” म्हणजे उरलेल्या पाकिटामागे त्याचे ६० न जाता फक्त १५ जातात.

आता त्याचा हिशोब बघा. मध्यम आणि जोरदार वर्षी त्याला पूर्वीसारखेच ४,००० मिळतात. मंद वर्षी १०० खपली त्याचे ८,००० आणि परत दिलेल्या १०० चे ४,५००. एकूण १२,५००. दिले होते १२,०००. म्हणजे मंद वर्षीही तो ५०० ने वर राहिला. तिन्ही वर्षांची सरासरी २,८३३. शंभर घेण्यापेक्षा हे त्याला बरं.

आपला हिशोब. मध्यम आणि जोरदार वर्षी आपल्याला ४,०००. मंद वर्षी १२,००० आले, त्यातले ४,५०० परत दिले, परत आलेल्या लाडवांचे १,००० मिळाले, करायचा खर्च ८,०००. उरले ५००. आपलीही सरासरी २,८३३.

दोघांचे मिळून आधी ४,००० होते, आता ५,६६६ झाले. हे जास्तीचे पैसे कोणाच्या खिशातून काढलेले नाहीत. जी गिऱ्हाइकं आधी रिकाम्या हाताने जात होती, त्यांच्याकडून आले.

आता तुम्ही विचाराल, ४५ च का? आणि बरोबर विचाराल. २० रुपयांपर्यंत परतीचा दर दिला तर दुकानदार १०० वरून हलत नाही, कारण २०० घेऊनही त्याची सरासरी २,००० च्या वर जात नाही. आणि दर ५० च्या वर गेला तर तो ३०० मागायला लागतो, कारण त्याच्यापुरता तोटा अगदी नाममात्र उरतो. या मालाचा, या आकड्यांचा सौदा २० आणि ५० च्या मधे आहे. त्या दोन टोकांमधे दर कुठेही ठरला तरी तो २०० च घेईल आणि दोघांचे मिळून ५,६६६ च होतील. दराने फक्त वाटणी बदलते. ३० ला परत घ्यायचं ठरलं तर आपली सरासरी ३,३३३ आणि त्याची २,३३३. ४५ ला ठरलं तर निम्मे-निम्मे. तेव्हा घासाघीस करायची ती या मधल्या जागेत. आणि ती करताना त्याला सांगायचं, “भाऊ, कमी झालं तरी तुम्हाला आधीच्या २,००० पेक्षा जास्तच पडतंय.” वहीत मांडून दाखवा. दुकानदाराला हिशोब आपल्यापेक्षा लवकर कळतो.

तुमचा माल वेगळा असेल तर ही टोकंही वेगळी येतील. नागलीचे पापड, मसाला, कुरडई वर्षभर टिकतात. यात्रेत उरले तरी दुकानदार ते दिवाळीत विकतो. त्याला परतीच्या कराराची गरज नाही, आणि मागितला तरी देऊ नका. परतीचा करार हा लवकर संपणाऱ्या, हंगामी मालासाठी आहे.

आता दुसरी पद्धत, विक्रीतल्या वाटणीची. काही दुकानदार म्हणतात, “ताई, दर तुमचा मान्य, पण यात्रेच्या तोंडावर माझे बारा हजार तुमच्या लाडवांत अडकतात. मला नारळ, ओटीचं सामान, पेढे सगळंच भरायचं असतं.” हेही खरं आहे. मग त्याला असं सांगा. पाकिटामागे १५ रुपये माल उतरवताना द्या. जे पाकीट विकाल त्याच्या ८० मधले आणखी ४५ आम्हाला द्या. उरलेलं पाकीट आम्हाला तसंच परत करा, त्याचे काही मागू नका.

आता ताळा बघा. विकलेल्या पाकिटाचे आपल्याला १५ आणि ४५ मिळून ६० च आले. उरलेल्या पाकिटाचे त्याचे १५ गेले. म्हणजे आधीच्या करारासारखंच झालं. ६० ला देऊन ४५ ला परत घेणं आणि १५ आधी घेऊन विकल्यावर ४५ घेणं, शेवटी हिशोब एकच. दुकानदाराची सरासरी तीच, आपलीही तीच.

मग फरक कशात? दोन गोष्टींत. एक म्हणजे पैसा कोणाचा अडकतो. पहिल्या पद्धतीत आपल्याला माल देताना १२,००० मिळतात. दुसऱ्या पद्धतीत ३,००० च मिळतात आणि करायला तर ८,००० लागलेत. मधले ५,००० गटाने अंतर्गत कर्जातून उभे करायचे आणि त्याचं व्याज खर्चात धरायचं. ते धरलं नाही तर आपण दुकानदाराला बिनव्याजी उसने दिले असं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे विश्वास. पहिल्या पद्धतीत उरलेला माल डोळ्यांसमोर मोजून घेता येतो. दुसरीत किती खपलं हे दुकानदार सांगेल तेवढं, असं होऊ शकतं.

हा पेच मोठमोठ्या कंपन्यांनाही पडला. अमेरिकेत ब्लॉकबस्टर नावाची सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने देणारी दुकानं होती. एका कॅसेटीला त्यांना साधारण ६५ डॉलर मोजावे लागायचे. म्हणून ती नव्या सिनेमाच्या कॅसेटी कमी ठेवायची आणि गिऱ्हाईक परत जायचं. आपल्या दुकानदारासारखंच. १९९८ च्या सुमारास त्यांनी सिनेमा कंपन्यांशी नवा करार केला. कॅसेट साधारण ८ डॉलरला घ्यायची आणि भाड्यातला वाटा कंपनीला द्यायचा. दुकानात कॅसेटी भरपूर आल्या. पण पुढे डिस्ने कंपनीने याच हिशोबावरून ब्लॉकबस्टरवर दावा लावला. वाटणी आली की मोजणी आली, आणि मोजणी आली की भांडणाची जागा आली.

आपल्या मुंबईतही २००९ साली हेच झालं. तिकिटाच्या पैशातला वाटा किती यावरून निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सला नवे हिंदी चित्रपट देणं दोन महिने बंद ठेवलं होतं. शेवटी तडजोड झाली. पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. म्हणजे आठवड्यागणिक कोणाला किती, हे आकड्यात ठरलं, तेव्हाच पडदे पुन्हा उघडले.

आपल्याला मोजणीसाठी संगणक लागत नाही. पाकिटं मोजून द्यायची, मोजून आणायची. दिलेली वजा उरलेली म्हणजे विकलेली. दुकानदाराने “चार पाकिटं फुटली” म्हटलं तर फुटलेली पाकिटं दाखवायची. दाखवली नाहीत तर ती विकली असं धरायचं. एवढं एक वाक्य करारात असलं तरी अर्धं भांडण मिटतं.

आता या करारात कुठे गोम निघते ते सांगते.

पहिली गोम पैशाची. परतीच्या करारात माल देताना १२,००० रुपये हातात येतात आणि लगेच दसरा येतो. बाया म्हणतात, “मजुरी वाटून टाका, नफाही वाटून टाका.” मजुरी जरूर वाटा, ती खर्चातच आहे. पण त्या १२,००० मधले ४,५०० अजून आपले नाहीत. यात्रा मंद गेली तर ते परत द्यायचे आहेत. ते गटाच्या बँक खात्यात कोजागिरी उलटेपर्यंत हात न लावता ठेवायचे आणि तसा ठराव वहीत लिहायचा. हे केलं नाही तर ज्या वर्षी माल परत येतो त्याच वर्षी पैसे नसतात, मग दुकानदाराला “पुढच्या वेळी बघू” म्हणावं लागतं आणि तो पुढच्या वेळी माल घेत नाही.

दुसरी गोम संख्येची. परत घेण्याला मर्यादा घाला. आपल्या उदाहरणात दुकानदार २०० घेतो आणि जास्तीत जास्त १०० उरतील असा आपला अंदाज आहे. मग लिहा, “घेतलेल्या मालाच्या निम्म्यापर्यंतच परत घेतला जाईल.” त्यामुळे आपल्याला आधीच कळतं की जास्तीत जास्त ४,५०० द्यावे लागतील, त्याहून एक रुपया जास्त नाही.

तिसरी गोम दुकानदाराच्या मनाची. परतीची सोय असली की तो आपला माल मागच्या फळीवर ठेवू शकतो आणि ज्याची परती नाही तो पुढे मांडू शकतो. म्हणून पूर्ण पैशाने कधीच परत घ्यायचं नाही. ते १५ रुपये त्याच्या अंगावर ठेवले आहेत ते यासाठीच. शिवाय यात्रेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी गटातली एक जण दुकानात जाऊन फळी बघून येईल, पाकिटं मोजून येईल. २०० मधली ५० सुद्धा खपली नाहीत असं दिसलं तर त्याच दिवशी काही पाकिटं उचलून दुसऱ्या दुकानात द्या. तशी मुभा करारात ठेवा. यात्रा संपल्यावर मिळालेल्या पाकिटापेक्षा यात्रा चालू असताना मिळालेलं पाकीट कितीतरी किमती असतं.

चौथी गोम तारखेची. “यात्रेनंतर परत घेऊ” असं मोघम लिहू नका. यात्रेनंतर म्हणजे दसऱ्यानंतर, कोजागिरीनंतर की दिवाळीनंतर? दिनदर्शिकेतली तारीख लिहा. लाडवाची मुदत महिन्याची असेल तर परत येताना निदान दहा दिवस हातात उरले पाहिजेत, तरच ते गावात खपतील आणि आपले १० रुपये सुटतील. माल विक्रीबाबत १९३० चा जो कायदा आहे, त्याच्या २४ व्या कलमात “पसंत पडल्यास किंवा विकल्यास घेईन, नाहीतर परत करीन” अशा बोलीवर दिलेल्या मालाबद्दल सांगितलंय. परत करायची मुदत ठरलेली असेल आणि घेणाऱ्याने ती उलटून गेली तरी परत करत असल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, तर तो माल त्याचा झाला असं धरलं जातं. म्हणजे तारीख लिहिली तर कायदाही आपल्या बाजूने उभा राहतो. नाही लिहिली तर “वाजवी मुदत” किती, यावर वाद घालत बसावं लागतं.

त्याच कायद्यात साधारण नियम असाही आहे, की माल ज्याच्या मालकीचा, नुकसानही त्याचं, काही वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणून “खपेल त्याचे पैसे” या बोलीवर ठेवलेला माल दुकानात पाऊस शिरून भिजला किंवा उंदरांनी खाल्ला तर तो आपलाच गेला, असं होऊ शकतं. त्यासाठी साधं वाक्य लिहा, “माल दुकानात असेपर्यंत भिजणे, फुटणे, चोरी याची जबाबदारी दुकानदाराची.” राखण जो करू शकतो, जबाबदारी त्याची, हे कोणालाही पटतं.

पाचवी गोम सगळ्यात नाजूक आहे. परत आलेल्या पाकिटावर नवी तारीख चिकटवायची नाही. कितीही चांगलं दिसलं तरी नाही. लाडू फोडून पुन्हा वळून नव्या पाकिटात घालायचे नाहीत. आपण अन्नपदार्थ करतो, आपली अन्नसुरक्षेची नोंदणी असते, पाकिटावर गटाचं नाव आणि पत्ता असतो. एका लहान मुलाला त्रास झाला तर चार हजाराच्या नफ्यापायी सगळ्या गटांचा माल बंद होईल. तारीख असेल तोवर कमी भावाने विका, तारीख संपली की नष्ट करा आणि वहीत लिहा. परत घेतानाही बघून घ्या. सील शाबूत आहे का, घाणा क्रमांक आपण दिलेलाच आहे का? मागच्या यात्रेचं किंवा दुसऱ्या दुकानातलं पाकीट या गठ्ठ्यात येतं ते असंच. म्हणून प्रत्येक घाण्याचा क्रमांक पाकिटावर आणि चलनावर, दोन्हीकडे लिहिलेला हवा.

हे सगळं एका कागदावर मावतं. वकिलाची गरज नाही. दोन प्रती करा. दुकानाचं नाव, गटाचं नाव. मालाचं नाव, वजन, पाकिटांची संख्या. देण्याचा दर आणि विकण्याचा छापील दर. परतीचा दर. जास्तीत जास्त किती पाकिटं परत. परतीची तारीख. कोणत्या स्थितीतलं पाकीट घेतलं जाईल. दुकानातल्या नुकसानीची जबाबदारी. दुकानापासून गावापर्यंत आणायचा खर्च कोणाचा. पैसे रोख की खात्यावर, आणि किती दिवसांत. खाली दुकानदाराची सही, गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांची सही. वाटणीचा करार असेल तर त्यात आधी द्यायचे रुपये आणि विकल्यावर द्यायचे रुपये वेगवेगळे लिहा. “नफ्यातला अर्धा” असं कधीही लिहू नका. नफा कसा काढायचा यावर वाद होतो, त्यात वीज, भाडं, पोराचा पगार सगळं येतं. विकलेल्या पाकिटामागे इतके रुपये, असंच लिहायचं.

एक गोष्ट लक्षात असू द्या. मी सगळीकडे सरासरी सांगितली. सरासरी ही तीन-चार यात्रांनी मिळते, एका यात्रेला मिळत नाही. परतीचा करार केल्यावर पहिलीच यात्रा मंद गेली तर आपल्याला ५०० च मिळतील, जुन्या पद्धतीत २,००० मिळाले असते. तेव्हा बाया म्हणतील, “बघा, उगाच फंदात पडलो.” त्यांना हा हिशोब आधी दाखवलेला असला पाहिजे. ज्या गटाला एखादं वर्ष १,५०० कमी आलेले सोसणार नाहीत, त्याने पहिल्या वर्षी २०० ऐवजी १५० द्यावीत, किंवा दोन-तीन गटांनी मिळून एका दुकानदाराशी करार करावा, म्हणजे मंद वर्षाचा भार विभागला जातो.

आणि या सगळ्याचा पाया म्हणजे १००, २००, ३०० हे आकडे. ते मी धरले. तुमचे खरे आकडे तुमच्याच वहीत असायला हवेत. मागच्या यात्रेत कोणत्या दुकानात किती पाकिटं दिली, किती उरली, आणि किती तारखेला संपली. शेवटचं फार महत्त्वाचं. १०० पाकिटं पाचव्याच माळेला संपली असतील तर खरी मागणी १०० नव्हती, त्याहून किती तरी जास्त होती. ती फक्त वहीत आली नाही. म्हणून दुकानदाराला विचारा, “भाऊ, माल संपल्यावर कोणी विचारायला आलं होतं का?” आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.

येत्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या एका मालाचे पाच आकडे लिहून आणायचे आहेत. करायचा खर्च, द्यायचा दर, विकायचा दर, परत आला तर हातात येणारे रुपये, आणि मागच्या तीन यात्रांची विक्री. ते घेऊन आपण इथेच प्रत्येक मालाचा परतीचा दर काढू, आणि मगच दुकानाच्या पायरीवर जाऊ.